सुक्या मासळीचे चारशे फोटो: व्हॅलिडेशनला ९६ टक्के, नव्या घरच्या मालावर जवळपास निम्मे चूक

रेवस_बंदर
नमस्कार मंडळी. अलिबाग तालुक्यातला आमचा बचत गट सुकी मासळी विकतो. माल घरोघरचा असतो. प्रत्येक ढिगाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि तो कुठल्या प्रकारात टाकायचा ते गटातली एक ताई रोज बसून लावते. हे काम आपोआप व्हावं म्हणून सहा प्रकार धरले: जवळा, करदी, सोडे, बोंबील, वाकटी, मांदेली. एकूण ४२० फोटो जमले, म्हणजे प्रकारी साधारण सत्तर.

इमेजनेटवर शिकलेलं रेझनेट-१८ घेतलं, शेवटचा थर काढून सहा प्रकारांचा नवा थर लावला, बाकी सगळं फ्रीझ ठेवलं. फोटो पिसून ८०-२० वाटले. व्हॅलिडेशनला ९६ टक्के आले. नंतर गटात नव्याने आलेल्या दोघींकडून ४० फोटो मागवून दिले तर त्यातले २३च बरोबर निघाले. फोटो काही वाईट नाहीत, मला स्वतःला सगळे ओळखता येतात. हा एवढा फरक कशामुळे पडत असेल? फोटो आणखी जमवायचे की मॉडेल बदलायचं?

सचिन_नाशिक
सरळ सरळ ओव्हरफिटिंग आहे. चारशे फोटोंवर दुसरं काय होणार? ऑगमेंटेशन वाढवा. `RandomResizedCrop` लावा, ब्राइटनेस आणि रंगछटा जोरात फिरवा, उभं-आडवं फ्लिप करा. प्रत्येक फोटोचे पन्नास प्रकार झाले की मॉडेलला वीस हजार फोटो पाहिल्यासारखं होईल. आणि रेझनेट-५० घेऊन सगळे थर मोकळे सोडा. १८ लहान पडतं.

अनुजा_क
सचिन, थोडं थांबू या. बॅकबोन फ्रीझ असेल तर शिकतोय फक्त शेवटचा थर. रेझनेट-१८ प्रत्येक फोटोमागे ५१२ आकडे देतं, प्रकार सहा, म्हणजे शिकायचे आकडे ३,०७८. तेवढ्यातही पाठांतर होऊ शकतं, नाही असं नाही. पण नेहमीचं ओव्हरफिटिंग असतं तर ट्रेनिंगला वर आणि व्हॅलिडेशनला खाली असं चित्र दिसलं असतं. इथे व्हॅलिडेशनच ९६ दाखवतंय. म्हणजे मला आधी शंका येते ती मोजमापाची.

रेवस_बंदर, एक सांगा. ४२० फोटो म्हणजे ४२० वेगवेगळे ढीग आहेत, की एकाच ढिगाचे चार-पाच फोटो आहेत?

रेवस_बंदर
एका ढिगाचे पाच-सहा आहेत. मीच बायकांना सांगितलं होतं की एक वरून, दोन बाजूंनी, एक जवळून काढा, म्हणजे डेटा वाढेल.

अनुजा_क
मग ९६ चं कारण बरंचसं तिथेच आहे. फोटो पिसून वाटल्यावर एकाच ढिगाचे चार फोटो ट्रेनिंगमध्ये आणि एक व्हॅलिडेशनमध्ये गेला. तीच ताडपत्री, तेच ऊन, कोपऱ्यात तीच पाटी. मॉडेलला मासळी ओळखायची गरजच पडली नाही, आधी पाहिलेला ढीग ओळखला की काम झालं. नव्या दोघींचा एकही ढीग त्याने पाहिलेला नव्हता, म्हणून तिथे खरा आकडा बाहेर आला. तुमचं मॉडेल आधीही ५७-५८ टक्क्यांच्याच आसपासचं होतं असं मी म्हणणार नाही, पण ९६ चं नक्की नव्हतं.

वाटणी फोटोंची करू नका, ढिगांची करा. एका ढिगाचे सगळे फोटो एकाच बाजूला. सायकिट-लर्नमध्ये याची सोय आहे:

```python
from sklearn.model_selection import StratifiedGroupKFold
cv = StratifiedGroupKFold(n_splits=5, shuffle=True, random_state=7)
for tr, te in cv.split(paths, labels, groups=heap_id):
    ...
```

अडचण `heap_id` कुठून आणायचा ही आहे. व्हॉट्सअ‍ॅप फोटोतली कॅमेऱ्याची माहिती आणि वेळ काढून टाकतं, त्यामुळे फाइलच्या आतून काही मिळणार नाही. पण अँड्रॉइडवर फाइलचं नाव `IMG-20240512-WA0007.jpg` असं असतं, त्यात तारीख मिळते. तारीख, पाठवणारी आणि प्रकार ही तिन्ही सारखी असतील तर तो एक ढीग धरा. एकाच दिवशी तिने जवळ्याचे दोन ढीग पाठवले असतील तर ते एकत्र धरले जातील, त्याने नुकसान नाही. उलट झालं, म्हणजे एक ढीग दोन्हीकडे गेला, तर आकडा पुन्हा फुगेल.

आणि सध्या ट्रेनिंगचा लूप बाजूला ठेवा. प्रत्येक फोटोचे ५१२ आकडे एकदाच काढून फाइलीत साठवा आणि त्यावर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन चालवा. शेवटचा थर शिकवणं म्हणजे जवळजवळ तेच आहे. साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत पाचही फोल्ड होतात, आणि काही बदललं की लगेच पुन्हा मोजता येतं.

देवगड_बाग
चांगला धागा. माझाही असाच विषय आहे म्हणून इथेच विचारतो. देवगडचा हापूस आणि कर्नाटकातून येणारा हापूस यांचे दीड-दीडशे फोटो आहेत. याच पद्धतीने फोटोवरून मूळ ठिकाण ओळखणारं मॉडेल करता येईल का? बाजारात फसवणूक फार चालते, गिऱ्हाइकाला फोनवर कळलं तर आमचा मोठा फायदा आहे.

अनुजा_क
देवगड_बाग, तुमचा प्रश्न वेगळा आहे. जवळा आणि सोडे दिसायलाच वेगळे आहेत, मॉडेलला तो फरक शोधायचा आहे. तुमच्याकडे जात एकच आहे, गाव वेगळं आहे. २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते कुठे पिकतो यावर आहे. सालीच्या फोटोत ती माहिती खात्रीने असतेच असं धरता येत नाही. तुमचे फोटो बागेत आणि कर्नाटकचे बाजारात काढलेले असतील तर मॉडेल ९९ टक्केही देईल, पण ते बाग आणि बाजार ओळखत असेल. आधी एक करून बघा. दोन्हीकडची फळं एकाच टेबलावर, एकाच उजेडात ठेवून, गाव झाकून तुमच्याकडच्या जाणत्या माणसाला ओळखायला द्या. त्याला फक्त नजरेने जमलं तर फोटो काढायला अर्थ आहे. त्याला वास घ्यावा लागला किंवा कापावा लागला तर फोटोत ते येणार नाही.

देवगड_बाग
आमचे काका नुसत्या नजरेने सांगतात. पण गाव झाकून कधी बघितलं नाही. या हंगामात करतो.

रेवस_बंदर
अनुजाताई, सांगितलं तसं केलं. ४२० फोटोंचे ७१ ढीग निघाले. पाच फोल्डची सरासरी ७४ टक्के, सगळ्यात कमी ६८, सगळ्यात जास्त ८१. चुकलेल्या १०९ फोटोंत ५८ ठिकाणी जवळा आणि करदी यांची अदलाबदल आहे. बोंबील जवळपास सगळे बरोबर. पण नव्या दोघींच्या फोटोंत बोंबीलच सगळ्यात जास्त चुकले होते, तिथे ते वाकटीत गेले. आपल्या फोल्डमध्ये बरोबर आणि त्यांच्याकडे चूक, हे कोडं सुटत नाही.

मीनाक्षी_वरसोली
मी मॉडेलबिडेल जाणत नाही, पण हा धंदा आमच्या घरात तीन पिढ्या आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते.

बोंबील आम्ही वलांडीवर सुकवतो. बांबूवर दोरी ओढलेली असते आणि दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून त्यावर लटकवतो. तुमच्या जुन्या बायकांनी फोटो वलांडीवरच काढले असणार, कारण तिथे माल छान दिसतो. नव्या दोघी माल उतरवून टोपलीतला फोटो पाठवत असतील. वाकटीही लांबोळकी, चपटी आणि टोपलीतली. मला डोळे किलकिले करून बघितलं तर तेही तसंच दिसेल.

दुसरं जवळ्याचं. काही घरांत सुक्या जवळ्याला सुकट म्हणतात, काही घरांत जरा मोठ्या मालाला. तुम्ही बायकांनी लिहून पाठवलेलं नाव तसंच घेतलं असेल तर तुमच्या करदीत जवळा शिरला असेल. एकदा माझ्यासारखीला सगळे फोटो दाखवा.

रेवस_बंदर
मीनाक्षीताई, अगदी तसंच आहे. ‘सुकट’ लिहून आलेले सगळे मी करदीत टाकले होते. फोटो पाठवतो. आणि बोंबलाचे ६८ पैकी ६० फोटो वलांडीवरचे आहेत.

अनुजा_क
मीनाक्षीताईंनी सांगितलेलं मोजूनही बघता येतं. बोंबलाचे काही फोटो घ्या आणि मासळीचा सगळा भाग करड्या चौकोनांनी झाका, फक्त बांबू, दोरी आणि आभाळ राहू द्या. ते मॉडेलला द्या. तरी बोंबील असंच उत्तर आलं तर मॉडेल वलांडी बघतंय. मग उलट करा, मासळी ठेवा आणि मागचं सगळं झाका. ग्रॅड-कॅमचे रंगीत नकाशे काढता येतात, पण त्यात आपल्याला हवं ते दिसायला लागतं. झाकून बघितलं की उत्तर बदललं की नाही एवढाच प्रश्न राहतो.

ढिगांची वाटणी करूनही हे का पकडलं गेलं नाही तेही यातून कळेल. वलांडी बोंबलाच्या जवळपास प्रत्येक ढिगात आहे, म्हणून ती पाचही फोल्डमध्ये उपयोगी पडते. ती कुचकामी ठरते ती ज्या घरात फोटो टोपलीत निघतो तिथे. म्हणून आता वाटणी ढिगांवरही थांबवू नका, पाठवणाऱ्या बाईवर करा. तेच `groups`, फक्त तिथे `seller_id` द्यायचा.

सचिन_नाशिक
वाटणीचा मुद्दा पटला. पण ऑगमेंटेशनला तुम्ही बगल दिलीत. जवळा आणि करदी मिसळतायत तिथे तरी क्रॉप करून उपयोग होईल ना? मॉडेल बारकावे बघायला शिकेल.

अनुजा_क
बगल नाही, तिथेच येत होते. मीनाक्षीताई, जवळा आणि करदीत तुम्ही काय बघता?

मीनाक्षी_वरसोली
आधी आकार. जवळा बारीक, करदी त्याच्यापुढे चांगली मोठी. मग पाय आणि मिशा, करदीला त्या दिसतात, जवळ्यात सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. रंगावर जाऊ नये. ताजा सुकलेला गुलाबी-पांढरा असतो, जुना झाला की दोन्ही पिवळे पडतात.

अनुजा_क
सचिन, आता हे क्रॉपशी लावून बघा. `RandomResizedCrop` ला काही सांगितलं नाही तर ते फोटोच्या ८ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत कुठलाही तुकडा घेतं आणि २२४ पिक्सेलला ताणतं. ८ टक्के क्षेत्रफळ म्हणजे लांबी-रुंदीत साडेतीन पट मोठं. जवळा साडेतीन पट मोठा करून मॉडेलला दाखवला आणि सांगितलं की हा जवळाच, तर आकारावर विश्वास ठेवू नकोस असंच आपण त्याला शिकवलं. कुत्रा आणि मांजर वेगळं करताना ते योग्य असतं, कारण कुत्रा जवळून काढला तरी कुत्राच. इथे आकार हीच मुख्य खूण आहे. `scale=(0.6, 1.0)` ठेवलं तर जास्तीत जास्त १.३ पट होतं. रंगछटा फिरवणंही बंद ठेवा, सोड्यांचा केशरी रंग कामाचा आहे. ब्राइटनेस थोडा हलवायला हरकत नाही, आणि ढीग कसाही फिरवला तरी ढीगच असतो, म्हणून फ्लिप चालेल.

पण ऑगमेंटेशनच्या आधीच एक नुकसान होतंय. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो लांब बाजूला साधारण १,६०० पिक्सेलचा असतो. तो २२४ ला आणला की सात पट लहान होतो. मूळ फोटोत साठ पिक्सेल लांब असलेला जवळा आठ-नऊ पिक्सेलचा उरतो. मिशा तिथेच गेल्या. मग मॉडेलला दोन्ही ढीग गुलाबी कालवल्यासारखे दिसतात. म्हणून फोटो लहान करू नका, ढिगाच्या मधल्या भागाचे चार-सहा तुकडे कापा, प्रत्येक तुकड्याचं उत्तर घ्या आणि सरासरी काढा. मधला भाग घेतल्याने बांबू आणि ताडपत्रीही बऱ्याच गळतील. तुकडे पाडल्यावरही ते सगळे एकाच `seller_id` खाली राहतील हे बघा.

आकारासाठी खरा उपाय फोटो काढतानाचा आहे. ढिगावर दहा रुपयांचं नाणं ठेवायला सांगा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. नाणं शोधून सगळे फोटो एकाच मापात आणता येतील. जुन्या फोटोंना ते करता येणार नाही.

कौस्तुभ_सिअ‍ॅटल
उशिरा येतोय. एक भर आणि एक असहमती.

भर अशी की रेवस_बंदर यांनी बॅकबोन फ्रीझ केलं म्हटलं, पण ते पायटॉर्चमध्ये नुसतं `requires_grad = False` करून होत नाही. `model.train()` म्हटलं की बॅच-नॉर्मचे सरासरीचे आकडे प्रत्येक बॅचला सरकत राहतात. आठ-आठ फोटोंची बॅच असेल आणि त्यात पाच वलांडीवरचे असतील तर ते आकडे भरकटतात. ट्रेनिंगचा लॉस शांतपणे उतरतोय आणि व्हॅलिडेशनचा एका इपॉकला खाली, दुसऱ्याला वर उसळतोय असं दिसलं तर आधी हे तपासा.

```python
model.train()
for m in model.modules():
    if isinstance(m, nn.BatchNorm2d):
        m.eval()
```

असहमती अशी की फक्त शेवटच्या थरावर थांबू नये. इमेजनेटच्या हजार प्रकारांत सुका जवळा नाही. वरच्या थरांना बारीक पोताचा फरक महत्त्वाचा वाटण्याचं कारण नाही. `layer4` मोकळं सोडा, त्याला लर्निंग रेट शेवटच्या थराच्या दहावा-वीसावा हिस्सा द्या आणि लवकर थांबवा.

अनुजा_क
बॅच-नॉर्मचं बरोबर. `layer4` बद्दल मी घाई करणार नाही. रेझनेट-१८ चे निम्म्याहून बरेच जास्त आकडे त्या एका भागात आहेत, ऐंशी लाखांच्या वर. आणि स्वतंत्र उदाहरणं ७१ आहेत, ४२० नाहीत. मोकळं सोडून फायदा झाला तर तो बाईनुसार वाटलेल्या पाचही फोल्डमध्ये दिसला पाहिजे. एका फोल्डमध्ये चौदा ढीग येतात, त्यातला एक पूर्ण चुकला की आकडा सात टक्क्यांनी हलतो. तीन टक्के वाढ झाली म्हणून आनंद मानता येत नाही.

कौस्तुभ_सिअ‍ॅटल
तेवढीच अडचण असेल तर आधीचेच थर घेऊन बघा. `layer3` नंतरचे २५६ आकडे काढून त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन. पोताचं काम असेल तर मधले थर कधी कधी शेवटच्यापेक्षा बरे पडतात. मोकळं काही सोडावं लागत नाही.

रेवस_बंदर
सगळं एक-एक करून बघितलं, क्रमाने लिहितो.

मासळी झाकून दिलेल्या बारा बोंबलांच्या फोटोंपैकी दहांना मॉडेलने तरीही बोंबीलच म्हटलं. शंका खरी होती. बाईनुसार वाटणी केल्यावर सरासरी ७४ वरून ६६ वर आली. मीनाक्षीताईंनी सगळे ढीग बघितले, करदीतले पाच ढीग जवळ्याचे निघाले आणि एकाबद्दल त्याही नक्की सांगू शकल्या नाहीत, तो काढून टाकला. नावं दुरुस्त करून ७३. मधल्या भागाचे तुकडे पाडून सरासरी घेतल्यावर ८४. `layer3` आणि शेवटचा थर दोन्हींचे आकडे जोडून दिले तेव्हा ८६, पण पाचपैकी तीनच फोल्डमध्ये वाढ झाली. `layer4` मोकळं सोडून दोन फोल्ड वर गेले, तीन खाली.

उरलेल्या चुकांत निम्म्याहून जास्त अजून जवळा आणि करदीच्याच आहेत. बोंबील टोपलीतले आता बऱ्यापैकी ओळखतंय. नव्या दोघींच्या ४० पैकी ३३ बरोबर.

अनुजा_क
सगळ्यात मोठी उडी तुकड्यांनी दिली आणि त्याखालोखाल मीनाक्षीताईंनी. `layer3` ची वाढ मी धरणार नाही, पण ठेवल्याने बिघडतही नाही. त्या ४० फोटोंबद्दल एक: तुम्ही आता ते इतक्यांदा बघितलेत की ३३ चा आकडा परीक्षेचा राहिला नाही. पुढची परीक्षा तिसऱ्या एखाद्या घरच्या मालावर घ्या, आणि ती एकदाच.

आणखी फोटो जमवायचे तर जुन्या घरांतून ढिगाचे सहा-सहा नकोत. नव्या घरांतून ढिगाचा एकेक, त्यातही टोपलीतले बोंबील आणि नाण्यासकट जवळा-करदी आधी.

मीनाक्षी_वरसोली
एक विचारायचं राहिलं. कोणी सुका बांगडा पाठवला, किंवा जवळ्यात बारीक मासळी मिसळलेला ढीग पाठवला तर हे काय सांगेल? मिसळलेला माल आमच्याकडे नेहमीचा आहे. आणि करदी चुकून सोड्यात गेली तर भावात फार फरक पडतो, गिऱ्हाईक भांडायला येईल.

अनुजा_क
सध्या ते सहापैकीच एक नाव देईल, आणि तेही मोठ्या खात्रीचा आकडा दाखवून. खात्री ठरावीक आकड्याखाली असेल तर गटातल्या ताईंकडे पाठवायचं असं करता येतं, पण बांगड्यावर खात्री कमी येईलच याची हमी नाही. प्रत्येक प्रकाराच्या ५१२ आकड्यांच्या मध्यापासून नवा फोटो किती लांब आहे ते मोजणं मला जास्त बरं वाटतं. सोड्यांसाठी उंबरठा वेगळा आणि कडक ठेवा. मिसळलेल्या ढिगात तुकड्यांची उत्तरं आपसात जुळणार नाहीत, चार तुकडे जवळा आणि दोन मांदेली असं येईल, त्याचा खुणेसारखा उपयोग होईल का ते बघण्यासारखं आहे.

कौस्तुभ_सिअ‍ॅटल
लांबीने मोजण्यापेक्षा ‘इतर’ असा सातवा प्रकार करून त्यात बांगडा, ढोमी, रिकामी टोपली, काहीही भरा. ढोबळ आहे, पण रोज येणारी गडबड त्यात पकडली जाते.

अनुजा_क
‘इतर’ मध्ये जे भराल तेवढंच पकडलं जाईल. ज्याचा विचार केला नाही ते पुन्हा सहांतच जाईल.

रेवस_बंदर
दोन्ही करून बघतो. मीनाक्षीताई, तुमच्याकडे मिसळलेल्या मालाचे ढीग असतील तर नाणं ठेवून फोटो पाठवाल का? ढिगाचा एकच पुरे. तोवर सोडे म्हणून उत्तर आलेला प्रत्येक फोटो ताईंच्या नजरेखालूनच पुढे जाईल.

मीनाक्षी_वरसोली
पाठवते. पाऊस लागायच्या आत सांगा म्हणजे झालं, नंतर उघड्यावर माल दिसणार नाही.